वाडीत बीपीची पाहणी करायची आहे, तक्ता कसा आखू?

वाडीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर जवळच्या वाडीत आहे. दरवर्षी आम्ही रस्ता झाडतो आणि बंधारा घालतो. या वर्षी मुलांनीच सुचवलं की घरोघरी जाऊन बीपी मोजू आणि मग ग्रामपंचायतीला सांगू की इतक्या जणांना बीपी आहे. घरं साधारण १४०, मुलं १२, डिजिटल मशीन दोन. तिसरं घड्याळाच्या तबकडीचं गावातल्या कंपाउंडरकाकांनी उसनं दिलंय.

मी एका पानाचा तक्ता केलाय. रकाने असे:

नाव / वय / पु-स्त्री / उंची / वजन / बीपी / बीपीचा त्रास आहे का (हो-नाही) / व्यसन (हो-नाही) / मीठ जास्त खाता का / ताण आहे का / शेरा

एका पानावर २५ माणसं मावतात. काही राहिलंय का? परवा झेरॉक्सला द्यायचाय.

टिवल्याबावल्या
"ताण आहे का" हा रकाना आधी मास्तरांनी स्वतःचा भरावा. १२ मुलं आणि सात दिवस म्हणजे तो रकाना पुरायचा नाही.

निवृत्त_पीएसएम
मास्तर, झेरॉक्स थांबवा. काही राहिलंय असं नाही, उलट काही गोष्टी जास्त आहेत आणि बीपीचा एकच रकाना आहे, खरी अडचण तिथे आहे. मी सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात बरीच वर्षं काढली, असले शेकडो तक्ते तपासले. पहिला नियम एवढाच: तक्त्यावर मुलांचं मत नको, मशीनचा आकडा हवा. "बीपी आहे/नाही" हे नंतर तुम्ही घरी बसून ठरवायचं.

एका माणसाचं बीपी तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे वेगवेगळ्या चौकटीत लिहा. वरचं वेगळं, खालचं वेगळं, प्रत्येकासमोर मोजल्याची वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीत पंधरा मिनिटं शांत बसवतात, तीन-तीन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजतात, आणि सरासरी काढताना पहिला आकडा सोडून देतात. का ते एका उदाहरणाने सांगतो. समजा एका बाईंचे आकडे आले १४८/९२, मग १४०/८८, मग १३४/८४. तुमच्या तक्त्यात पहिलाच जाईल आणि १४०/९० ची रेघ ओलांडल्यामुळे त्या "बीपीवाल्या" ठरतील. शेवटच्या दोनांची सरासरी येते १३७/८६, म्हणजे रेघेच्या आत. बाईंना काही झालेलं नाही. दारात तीन अनोळखी पोरं उभी राहिली की कुणाचंही पहिलं बीपी चढतं. अशी २०–२५ माणसं रेघेच्या आसपास असली की तुमचा ग्रामपंचायतीला सांगायचा आकडा पार बदलतो.

काकू_ठाणेकर
डॉक्टरसाहेब, यांचं बीपी घरी रोज १५०/९० येतं पण दवाखान्यात १३० च्या आत. गोळी चालू करावी का? मशीन मागच्या दिवाळीला घेतलंय. वजन ९४ किलो.

निवृत्त_पीएसएम
काकू, गोळीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी माणूस न बघता सांगणार नाही. पण सहसा उलटं होतं, दवाखान्यात जास्त आणि घरी कमी. म्हणून आधी मशीनबरोबर आलेला पट्टा कोणत्या मापाचा आहे ते बघा. त्याच्यावर सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. आणि यांच्या दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा.

मास्तर, हे तुमच्याही कामाचं आहे. तक्त्यात "दंडाचा घेर" असा रकाना घाला. डिजिटल मशीनबरोबर बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. जाड दंडाला तो आवळून बसवला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, काटकुळ्या म्हातारीच्या दंडाला कमी दिसतं. एक मोठा पट्टा आणा, आणि कोणता वापरला ते लिहा.

रक्तदाबी_रावसाहेब
डिजिटल मशीनवर माझा तरी विश्वास नाही. पाऱ्याचं तेच खरं, बाकी सगळी खेळणी. माझ्या डॉक्टरांकडे अजून आहे. मास्तर, कुठून तरी पाऱ्याचं मिळवा आणि एका नर्सताईंना शिकवायला बोलवा. आणि डावाच हात धरा, हृदय डावीकडे असतं.

निवृत्त_पीएसएम
रावसाहेब, अर्धं बरोबर. पारा हे माप म्हणून उत्तमच, बाकीची मशीन त्याच्याशीच ताडून बघितली जातात. पण त्यात ऐकणारा कान आणि वाचणारा डोळा माणसाचा असतो, आणि माणसाला शून्य फार आवडतं. १३६ ऐकू आलं तरी हात १४० लिहितो. पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यांपैकीच हवा आणि शून्य साधारण पाचात एकदा यायला हवं. मी असे तक्ते बघितलेत की दहात सात वेळा शून्य. एकाने तर जागोजागी १३५ लिहिलं होतं. पट्टीवर १३५ ची खूणच नाही, ते आलं कुठून?

तबकडीच्या यंत्रालाही हेच लागू, शिवाय ते हलवाहलवीत चुकायला लागतं आणि चुकतंय हे कळत नाही. मास्तर, कंपाउंडरकाकांना आभार मानून परत करा. सतरा वर्षांच्या मुलांच्या हातात डिजिटलच बरं, फक्त मनुष्यावर पारखून घेतलेलं मॉडेल हवं आणि ते दंडावरचं हवं, मनगटावरचं नको.

हाताचं म्हणाल तर हृदय कुठे आहे याचा संबंध नाही. दोन्ही हातांत थोडा फरक असू शकतो, म्हणून सगळ्यांचा एकच हात ठरवा आणि हा नियम कुठे मोडला तर लिहा. खरी चूक होते ती हात लोंबकळता ठेवल्याने. पट्टा हृदयाच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर सात-आठ अंक फुकट वाढतात. वाडीत टेबल मिळणार नाही, उशी किंवा गोधडीची घडी बरोबर ठेवा.

एक्सेलवाला
माझा धंदा डेटा एंट्रीचा, म्हणून मी रडगाणं गातो. एकाच चौकटीत १४०/९० लिहिलेलं टाइप करायला बरं वाटतं, पण एक्सेल त्याला अक्षरं समजतं आणि सरासरी काढत नाही. आणि कुणी घाईत शून्य खाऊन 12/8 टाकलं तर कित्येकदा थेट तारीख होते. तुमच्या रुग्णाचं बीपी "१२ ऑगस्ट". म्हणून वरचं-खालचं वेगळं लिहा, हे डॉक्टर म्हणाले त्याला माझंही अनुमोदन.

याहून मोठं दुखणं अंकांचं. अर्धी मुलं मराठी अंक लिहितात, अर्धी इंग्रजी. घाईत काढलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ हुबेहूब दिसतात. मराठी पाच आणि इंग्रजी चार यांचंही तेच. मी एकदा वय "९५" टाइप केलं, ते १५ निघालं, नशीब की शेजारी "इयत्ता दहावी" लिहिलं होतं. बीपीच्या रकान्यात असा शेजारी साक्षीदार नसतो. मुलांना एकच लिपी ठरवून द्या आणि प्रत्येक अंकाला सुटी चौकट छापा.

आणि रिकामी चौकट ठेवायची नाही. रिकामी म्हणजे विचारलं नाही, की विचारलं आणि सांगितलं नाही, की लागूच नाही? तिन्हीला वेगळी खूण ठरवा. पण ती खूण ९९ ठेवू नका, खालचं बीपी ९९ असू शकतं आणि वयही असू शकतं.

टिवल्याबावल्या
आमच्या आजोबांचं वय गेली सहा वर्षं ९० आहे. त्यासाठी कोणती खूण?

गटप्रवर्तक_सुनंदा
मी आशाताईंच्या गटाची प्रवर्तक आहे, म्हणून वाडीतलं बोलते. वय हा सगळ्यात अवघड रकाना. साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. आधार कार्डावरही तीच. आम्ही विचारतो, कोयनेच्या भूकंपात केवढे होता? तुमच्या भागात हे सगळ्यांना सांगता येतं. भूकंप डिसेंबर १९६७ चा, एखादा "आईच्या कडेवर होतो" म्हणाला की वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने वय लागतं. नाहीतर ७२ चा दुष्काळ. तक्त्यात वय कशावरून लिहिलं तेही लिहा.

दुसरं, "व्यसन हो-नाही" असं विचारलंत तर सगळ्या बायका "नाही बाई" म्हणतील. मिश्री हे त्यांच्या लेखी व्यसन नाही, दात घासणं आहे. दिवसातून चार वेळा दात घासतात! नाव घेऊन विचारा: मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, विडी, सिगारेट. प्रत्येकाला "रोज / कधीकधी / सोडलं / कधीच नाही". दारूचं वेगळ्या ओळीत, आणि सुनेला सासूसमोर किंवा बापाला पोरासमोर विचारू नका. विद्यार्थी त्याच गावचा असेल तर त्याला त्या घरी पाठवूच नका.

आमच्याकडे तिशीपुढच्या लोकांसाठी सीबॅक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घरातला आजार असे गुण असतात. तुमच्या वाडीच्या आशाताईंकडे तो आधीच भरलेला असेल. तिला सोडून गेलात तर ती दुखावेल, आणि लोकही तुम्हाला दार उघडणार नाहीत.

वाडीचा_मास्तर
बापरे. झेरॉक्स रद्द. सुनंदाताई, आशाताईंना आजच फोन केला, त्या यायला तयार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही भेटतो.

डॉक्टर, एक शंका. पंधरा मिनिटं बसवायचं, तीनदा मोजायचं, तर एका माणसाला अर्धा तास. माझे सात दिवस पुरणार नाहीत. बसल्या बसल्या प्रश्न विचारून घेतले तर?

निवृत्त_पीएसएम
नाही, बोलण्याने बीपी वाढतं. क्रम असा लावा: आधी प्रश्न, मग पाच मिनिटं गप्प बसणं, मग एक-एक मिनिटाच्या अंतराने तीन मापं, मग उंची-वजन-कंबर. स्टेप्सपेक्षा हे कमी आहे, पण दवाखान्यांत हेच चालतं. तक्ताही याच क्रमाने छापा. वजनाचा रकाना वर असला की मुलं आधी माणसाला काट्यावर चढवतात, वाकून कंबर मोजतात आणि लगेच पट्टा बांधतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, लघवीला जाऊन आलेला.

वेळेचा रकाना म्हणूनच महत्त्वाचा. पहिलं माप १०:०५ आणि तिसरं १०:०६ असेल तर मधे एक-एक मिनिट थांबलेलंच नाही, हे तुम्हाला संध्याकाळी कळतं.

गटप्रवर्तक_सुनंदा
"अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री?" हाही रकाना हवा. पाहुणा आला की आधी चहा टाकतात, मुलांबरोबर घरचेही घेतात. मुलांना सांगा, चहा मोजल्यानंतर. नाही म्हणायचं नाही, नंतर म्हणायचं.

रक्तदाबी_रावसाहेब
पण मीठ कुठे गेलं? बीपीचं मूळ तिथे आहे आणि तुम्ही सगळे मिश्रीवर बोलताय.

निवृत्त_पीएसएम
"मीठ जास्त खाता का" याला उत्तर एकच येतं, "छे, बेताचंच". आपल्या ताटातलं मीठ प्रत्येकाला बेताचंच वाटतं. त्यापेक्षा विचारा, एक किलोची पुडी किती दिवस जाते आणि जेवायला किती माणसं? चार माणसांत महिन्याला एक किलो म्हणजे दिवसाला माणशी सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास. पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मिरची_कोल्हापुरी
हे पटलं नाही. आमच्याकडे त्याच पुडीतलं मीठ लोणच्याला जातं, वाळवणाला जातं, गुरांच्या आंबोणातही जातं. आणि पोरं बाहेर वडापाव, फरसाण खातात ते कुठे धरणार? आठ ग्रॅम हा आकडा छान दिसतो म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतील, तेच वाईट.

निवृत्त_पीएसएम
मान्य. माणसागणिक तो आकडा वापरता येणार नाहीच. खरं माप चोवीस तासांची लघवी गोळा करून होतं, ते शिबिरात कोण करणार? तरी सगळ्या वाडीचा ढोबळ अंदाज म्हणून मी ठेवीन.

मिरची_कोल्हापुरी
मी काढीन. वापरता येत नाही ते विचारायचं कशाला? बाईचा वेळ जातो.

अभियंता_उसगाव
माझा प्रश्न मूळचा. वाडीत दुपारी घरी कोण असतं? म्हातारे आणि बायका. पुरुष शेतात, एमआयडीसीत नाहीतर मुंबईला. जे भेटले त्यांना मोजून "वाडीत इतके टक्के" म्हणणार का?

निवृत्त_पीएसएम
हा धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. मास्तर, आधी प्रत्येक घराची यादी करा: तिशीपुढची माणसं किती, कोण. मग प्रत्येकासमोर लिहा: मोजलं, नाही म्हणाले, तीन फेऱ्यांत भेटले नाहीत. एक फेरी संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवारची ठेवा. नावांची यादी वेगळ्या वहीत, तुमच्या कपाटात. तक्त्यावर फक्त घर क्रमांक आणि माणूस क्रमांक. २५ जणांचं पान तर नकोच, शेजारच्याचं बीपी वाचायला मिळालं की वाडीभर होतं. एका माणसाला एक पान.

आणि "बीपीचा त्रास आहे का" काढा, बीपीचा त्रास जाणवतोच असं नाही. विचारा, डॉक्टरांनी किंवा नर्सनी कधी बीपी असल्याचं सांगितलं होतं का, आणि गेल्या दोन आठवड्यांत गोळी घेतली का. गोळीचं पाकीट बघायला मागा, कारण "बारकी पांढरी गोळी" यावरून काही कळत नाही. गोळी चालू असून १२६/७८ आलेला माणूस बीपीवालाच धरायचा, त्याची गोळी काम करतेय एवढंच. नुसत्या आकड्यावर गेलात तर हे सगळे निरोगी मोजले जातील.

अभियंता_उसगाव
आणि कुणाचं २१० निघालं तर? ती सतरा वर्षांची मुलगी काय करणार?

निवृत्त_पीएसएम
ते तक्त्याच्या तळाशी छापून ठेवायचं, तिने ठरवायचं नाही. १८०/११० किंवा वर आलं तर शांत बसवून परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. छातीत दुखतंय, दम लागलाय, बोलणं अडखळतंय, हातपाय लुळा पडलाय असं असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८. १४० ते १८० च्या मधे असेल तर चिठ्ठी द्या आणि वेगळ्या दिवशी उपकेंद्रात मोजायला सांगा. "तुम्हाला बीपी आहे" असं मुलांनी कुणालाही म्हणायचं नाही. एका दिवसाच्या मापावर ते ठरत नाही.

वाडीचा_मास्तर
मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलो. नवा तक्ता घेऊन शेजारच्या दुसऱ्या वाडीत २२ माणसांवर रंगीत तालीम केली. आशाताई बरोबर होत्या.

डॉक्टर, तुमचं शून्य सापडलं. तीन जोड्या होत्या, तिघींकडे आळीपाळीने डिजिटल मशीन. दोन जोड्यांचे आकडे सगळीकडे विखुरलेले. तिसऱ्या जोडीने आठ माणसं मोजली, वरचे २४ आकडे, त्यातले १५ शून्यावर संपणारे. डिजिटलवर दहात एकदा यायला हवं ना? मी मशीनची मेमरी उघडली. तिथे १३७ होतं, कागदावर १४०. मुलं खोटं लिहीत नव्हती. एक जण आकडा बघून पट्टा सोडायचा, आजींशी बोलायचा, मग दुसऱ्याला आठवून सांगायचा. आता नियम केला: आकडा पडद्यावर असतानाच लिहायचा, मगच पट्ट्याला हात. रोज संध्याकाळी मेमरीशी ताडून बघणार.

एका आजोबांचं तिसरं माप मेमरीत नव्हतंच, कागदावर मात्र होतं. त्या मुलाला मी एकट्याला बोलावून विचारलं. म्हणाला, "सर, आजोबांना गुरं सोडायची घाई होती." त्यासाठी आता "तिसरं माप झालं नाही, कारण" अशी चौकट घातलीय. लिहायला जागा असती तर त्याने खोटं लिहिलं नसतं असं वाटतं.

"ताण आहे का" काढला. मिठाचं पुडीचं ठेवलंय, पण मिरचीताईंमुळे त्याच्यापुढे "लोणचं-वाळवण-गुरं याच पुडीतून?" असं जोडलं.

मिरची_कोल्हापुरी
ताई नाही, दादा. आणि मी अजूनही काढाच म्हणेन.

वाडीचा_मास्तर
माफ करा दादा!

निवृत्त_पीएसएम
मेमरी उघडायची कल्पना मला सुचली नव्हती. मात्र दोन्ही मशीनचं घड्याळ बरोबर लावा, नाहीतर कोणतं माप कुणाचं ते जुळणार नाही. आणि हे कुठे छापायचा विचार असेल तर शिबिराआधी नैतिकता समितीची परवानगी लागेल, नंतर मिळत नाही.

वाडीचा_मास्तर
छापायचं नाही. ग्रामपंचायतीसमोर एक पान वाचायचं आहे. पण परवानगी नसली तरी संमतीची सही घेतोय, अंगठा असेल तिथे साक्षीदारासह.

काकू_ठाणेकर
डॉक्टरसाहेब, यांचा दंड मोजला. ३६ सेंटिमीटर. आमच्या पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय. मोठा पट्टा मागवलाय, गुरुवारी येतोय. तोपर्यंत मोजणं बंद ठेवलंय, पण हे ऐकत नाहीत, रोज सकाळी चहा घेतल्या घेतल्या बसतात बांधून.